वार्ता आणि क्रियापद : अपुष्ट वृत्ताच्या मराठी रूपांचा इतिहास

जी गोष्ट घडल्याचे कानावर आले आहे, परंतु जिची खातरजमा झालेली नाही, ती सांगताना फ्रेंच वृत्तपत्रे क्रियापदाचे संकेतार्थी रूप योजतात. ‘मंत्री राजीनामा देतील’ असे न म्हणता ‘मंत्री राजीनामा देते’ अशा अर्थाच्या, मूळच्या अटीच्या रूपाने ती वार्ता मांडली जाते. येथे अट कोणतीच नसते. वृत्ताचे उत्तरदायित्व बातमीदार स्वतःकडे घेत नाही, एवढेच ते रूप सुचविते. जर्मन भाषेत हेच कार्य निराळ्या अर्थाचे रूप करते. मराठीत या कार्यासाठी कोणती साधने घडली आणि शीर्षकात व आकाशवाणीच्या वार्तापत्रात त्यांचे काय होते, हा प्रस्तुत विषय होय.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, फ्रेंच रूपाचे शब्दशः रूपांतर मराठीत करता येत नाही. मराठी व्याकरणकारांनी क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मानले. त्यांपैकी संकेतार्थाचे ‘निधन झाले असते’ हे रूप घेतले, तर निधन झाले नाही असाच बोध होतो. म्हणजे फ्रेंच वाक्यात जे शंकित आहे ते मराठीत नाकारले जाते. विध्यर्थाचे ‘निधन झाले असावे’ हे रूप जवळचे वाटते, परंतु त्यात बोलणाऱ्याचा स्वतःचा तर्क असतो. अंगणात चिखल पाहून ‘रात्री पाऊस झाला असावा’ असे म्हणणारा कोणाकडून काही ऐकून बोलत नाही. ऐकीव आणि अनुमित या दोन गोष्टी मराठी क्रियापद वेगळ्या ठेवते, आणि ऐकिवासाठी क्रियापदाला स्वतंत्र रूप देत नाही.

हे स्थान बोलीत ‘म्हणे’ या शब्दाने घेतले आहे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातील मोडनिंब हे पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे जाणारा लोहमार्गही येथूनच जातो. बातमी येण्याजाण्याच्या अशा वाटेवरील बोलीत हा शब्द ‘म्हनं’ असा उमटतो : ‘उसाचा दर वाढला म्हनं’, ‘गाडी चुकली म्हनं’. मुळात हे ‘म्हणणे’ या धातूचे जुन्या मराठीतील वर्तमानकाळी रूप. पुढे त्याला रीतिभूतकाळाचा अर्थ आला. संतांच्या नाममुद्रेतील ‘म्हणे’ला कर्ता असतो, आणि बोलणारा कोण हे सांगण्यासाठीच ती मुद्रा असते. वार्तेतील ‘म्हणे’चा कर्ता मात्र नाहीसा झाला आहे. ‘मी झोपेत बोललो म्हणे’ या वाक्यात म्हणणारा कोण, हे व्याकरण विचारीतच नाही. एकच रूप एके ठिकाणी वक्त्याचे नाव मिरविते आणि दुसऱ्या ठिकाणी ते पुसून टाकते.

सोलापूर परिसरात मराठीच्या शेजारी कन्नड व तेलुगु नांदतात, आणि त्या दोन्ही भाषांत ऐकीव वार्तेची खूण क्रियापदाला चिकटून येते. ‘तो आला म्हणे’ हे कन्नडात ‘बंदनंते’ आणि तेलुगूत ‘वच्चाडट’ असे होते. तिन्ही ठिकाणी खूण वाक्याच्या शेवटी येते. यावरून एकीने दुसरीकडून उसने घेतले असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. परंतु असा शब्द वापरण्याची गरज या भागातील बोलणाऱ्याला नित्याची आहे, एवढे खचित.

मग वृत्तपत्रांनी ‘म्हणे’ का स्वीकारले नाही? कारण ते जागा बदलताच सूर बदलते. ‘दर वाढला म्हणे’ ही वार्ता होय. ‘म्हणे दर वाढला!’ हा उपहास होय. शिवाय, घरगुती बोलण्याचा वास असलेला शब्द मुद्रित गद्याला मानवला नाही. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ने मराठी वृत्तपत्राचा आरंभ केला, त्यानंतर रुळलेल्या वृत्तपत्री गद्याने ‘असे समजते’, ‘असे कळते’, ‘झाल्याचे सांगण्यात येते’ ही वाक्ये घडविली. त्यांतही कर्ता नाही : कोणाला समजते, कोण सांगते, हे अनुक्तच राहते. अर्थात ‘म्हणे’चेच कार्य ती करतात, फक्त भारदस्त वेषात. ‘अमक्या वृत्तसंस्थेच्या वृत्तानुसार’ ही रचना मात्र वेगळी. तीत उगम उघड सांगितला जातो.

या साधनांची परीक्षा एका प्रत्यक्ष प्रसंगावर करता येते. मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात अत्यवस्थ होते. त्यांचे निधन झाल्याचे पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत सांगितले. सभागृहाचे काम थांबले, आकाशवाणीने नियमित कार्यक्रम स्थगित केले, शाळा व दुकाने बंद झाली. जयप्रकाश जिवंत होते. त्यांचे निधन पुढे ८ ऑक्टोबर १९७९ रोजी झाले.

या वार्तेची संभाव्य मराठी रूपे शेजारी ठेवून पाहावीत. ‘निधन झाले’ हे असत्य ठरले. ‘निधन झाल्याचे समजते’ हे असत्य ठरले नसते, कारण तसे समजले होतेच. ‘निधन झाल्याचे पंतप्रधानांनी सांगितले’ हे वाक्य तर अक्षरशः खरे होते, आणि तरीही ते सर्वांत घातक ठरते. उगम जितका मोठा, तितकी ‘समजते’ म्हणण्याची गरज कोणाला वाटत नाही. दिल्लीच्या सभागृहात उभ्या असलेल्या व्यक्तीला मुंबईतील रुग्णशय्येवरची घटना ऐकूनच कळणार, ही गोष्ट त्या वाक्यात कोठेच उमटत नाही. व्याकरणातील राखीवपणा अनामिक उगमासाठी आहे. नामवंत उगमाच्या पोटातील ऐकीवपणा तो दाखवू शकत नाही. ही मर्यादा फ्रेंच रूपालाही लागू आहे, कारण ते रूपदेखील बातमीदाराला शंका आली तरच योजले जाते.

दुसरी मर्यादा मात्र खास मराठीची होय. फ्रेंच वाक्यात शंका क्रियापदाच्या पोटातच असते. क्रियापद ठेवले की शंकाही राहते. मराठीत ती वाक्याच्या शेपटाशी असते, आणि शीर्षक शेपूटच कापते. ‘निधन झाल्याचे समजते’ याचे आखूड रूप ‘निधन’ असे होते. फार तर पुढे प्रश्नचिन्ह लागते, जे डोळ्यांना दिसते पण वाचून दाखविताना सहज गळते. आकाशवाणीवर हेच कालक्रमाने घडते. श्रोत्याच्या कानी आधी ‘निधन’ पडते, ‘समजते’ नंतर येते, आणि मधल्या क्षणात शेजाऱ्याला हाक मारली गेली तर ते ऐकलेच जात नाही. म्हणून ‘अद्याप दुजोरा न मिळालेल्या वृत्तानुसार’ हा लांबट वाक्यांश वार्तेच्या आरंभी येतो तेव्हा तो केवळ भाषेचा फापटपसारा नसतो. शेवटी पडणारी शंका तो वाक्याच्या मुखाशी आणून ठेवतो.

यातून अपुष्ट वृत्ताची मराठी तपासण्याची एक साधी कसोटी हाती येते. वाक्याचे अखेरचे दोन शब्द झाकावेत आणि उरलेले वाचावे. शंका उरली, तर रचना शाबूत आहे. उरली नाही, तर ती वार्ता छापून बाहेर पडताच निश्चित वार्ता म्हणून फिरू लागेल. मोडनिंबच्या बाजारात ती पोचते तेव्हा तेथील बोलणारा तिला पुन्हा ‘म्हनं’ जोडतो, आणि मुद्रित गद्याने गाळलेली शंका बोली आपल्यापुरती परत मिळविते.