‘अल्’ कुठे मोजायचा?

पाचगणीसारख्या शाळांच्या गावात एकाच कपाटात तीन लिप्यांची पुस्तके सहज सापडतात. मी ज्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो तिथल्या ग्रंथालयातही तसेच आहे. मागच्या वर्षी पुस्तकांच्या नावांची नवी यादी करायचे काम माझ्याकडे आले. मराठी पुस्तके अकारविल्हे लावणे सोपे गेले. इंग्रजी पुस्तकांना एक जुना नियम तयारच होता. अडले ते उर्दूपाशी. मौलाना शिबली नोमानींचे ‘अल्-फारूक’ अलिफमध्ये लावायचे की फेमध्ये? प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण त्याच्या मागे हजार वर्षांचा इतिहास आहे.

आधी नियम काय ते पाहू. इंग्रजी सूचीत ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हे पुस्तक ‘टी’ या अक्षरात नसते, ‘डी’मध्ये असते. ‘अ पॅसेज टू इंडिया’ हे ‘पी’मध्ये असते. सुरुवातीचा ‘द’ किंवा ‘अ’ छापायचा, पण क्रम लावताना मोजायचा नाही. कारण साधे आहे. हजारो पुस्तकांची नावे ‘द’ने सुरू होतात. तो मोजला तर ‘टी’चा खण फुगतो आणि त्या अक्षराला काही अर्थच उरत नाही. शिवाय बोलताना माणूस हा शब्द गाळतो, तो त्याच्या लक्षातही राहत नाही. अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स कटर यांनी १८७६ साली सूचीचे नियम छापले, त्यात हा नियम आहे. आपल्याकडे रंगनाथन यांच्या १९३४ च्या सूचीसंहितेतही सुरुवातीचे उपपद क्रमात धरत नाहीत.

पण हा शोध युरोप-अमेरिकेचा नव्हे. बगदादच्या इब्न अन्-नदीमने इसवी सन ९८७ च्या सुमारास ‘अल्-फिहरिस्त’ लिहिली. आपण दफ्तरात वापरतो तो ‘फेरिस्त’ हा शब्द याच घराण्यातला. त्या ग्रंथात पुस्तके विषयवार आहेत, त्यामुळे तिथे आपला प्रश्न येतच नाही. तो येतो सतराव्या शतकात, इस्तंबूलच्या हाजी खलीफाकडे. यालाच कातिब चेलेबी म्हणतात. १६५७ साली तो वारला. त्याच्या ‘कश्फ अज़्-ज़ुनून’ या ग्रंथात साडेचौदा हजारांच्या आसपास पुस्तकांची नावे वर्णानुक्रमाने लावलेली आहेत. अरबीत पुष्कळ नावे ‘अल्’ने सुरू होतील हे उघड आहे. त्याने ‘अल्’ मोजलाच नाही. इमाम बुखारींचा संग्रह ‘अल्-जामी अस्-सहीह’ या नावाने आहे, तो तिथे अलिफमध्ये नाही, जीममध्ये आहे. म्हणजे कटरच्या आधी दोनशे वर्षे हा नियम एका मुस्लिम ग्रंथकाराने हजारो नोंदींवर चालवून दाखवला होता.

अरबीत हे सोपे होते, कारण अरबी वाचकाला ‘अल्’ म्हणजे काय हे ठाऊक असते. इंग्रजीतला ‘द’ तोच अरबीतला ‘अल्’. फरक इतकाच की ‘अल्’ पुढच्या शब्दाला चिकटवून लिहितात, मध्ये जागा सोडत नाहीत. आणि एक खुबी अशी की लिहितात ‘अल्’, पण अरबीच्या अठ्ठावीस अक्षरांपैकी चौदा अक्षरांपुढे त्यातल्या लामचा उच्चार होत नाही. पुढचे अक्षरच दुप्पट होते. म्हणून लिहिताना अलिफ-लाम असूनही आपण ‘अत्-तबरी’, ‘अर्-राज़ी’, ‘अन्-नदीम’ म्हणतो, पण ‘अल्-बीरूनी’ म्हणताना लाम स्पष्ट येतो.

आता हे देवनागरीत आणा. आपली लिपी उच्चारावर चालते. त्यामुळे मराठी पुस्तकाच्या शेवटी सूची करणाऱ्याने ‘अल्’ मोजायचा ठरवला, तर हे चौघे ‘अ’ या अक्षरात येतील, पण तिथेही एकत्र राहणार नाहीत. अत्-तबरी ‘त’पाशी, अन्-नदीम ‘न’पाशी, अर्-राज़ी ‘र’पाशी आणि अल्-बीरूनी ‘ल’पाशी. मध्ये अनंत, अप्पा, अमृत अशी बाकीची नावे. अरबीत जो एकच शब्द आहे त्याचे मराठीत चार तुकडे होतात. एखाद्या लेखकाने ‘अल तबरी’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘अत्तबरी’, तर तोच माणूस दोन ठिकाणी जातो. ‘अल्’ गाळला की हे चौघे तबरी, नदीम, राज़ी, बीरूनी असे आपापल्या घरी जातात आणि शब्दलेखनाचा घोळ निम्मा मिटतो. ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ इस्लाम’ची पद्धतही हीच आहे, तबरी तिथे ‘टी’मध्ये सापडतो. मात्र ‘इब्न’ तिथे गाळत नाहीत. इब्न म्हणजे मुलगा, तो पूर्ण अर्थाचा शब्द आहे. म्हणून इब्न बतूता ‘आय’मध्येच राहतो.

पाचगणीचा घाट उतरला की वाई. मराठी विश्वकोशाचे काम याच गावात उभे राहिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते आणि पहिला खंड १९७६ साली निघाला. विश्वकोश अकारविल्हे आहे. अशा कोशात प्रत्येक अरबी नावाला हा निर्णय आधी घ्यावा लागतो, कारण ‘अ’चा खंड पहिला आणि ‘ब’चा त्यानंतर कितीतरी वर्षांनी. निर्णय बदलला तर नोंद एका खंडातून उठून दुसऱ्यात जाते. यावर कोशकारांचा उपाय म्हणजे ‘पहा’. एका जागी पूर्ण नोंद, दुसऱ्या जागी एक ओळ: अमुक पहा.

मग मराठीतला ‘अलबत’ कुठे ठेवायचा? हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि त्याच्या तोंडाशी हाच ‘अल्’ आहे. ‘अलजिब्रा’चेही तेच. पण कोणी ‘बत’ शोधायला जात नाही. कारण मराठी माणसासाठी तो ‘अल्’ मेलेला आहे, शब्दात मुरून गेला आहे. म्हणजे नियमाचा खरा गाभा असा: वाचकाच्या भाषेत उपपद जिवंत असेल तर गाळा, शब्दात विरघळले असेल तर ठेवा.

उर्दूची अडचण नेमकी इथेच आहे. उर्दूला स्वतःचे उपपद नाही. मौलाना आज़ादांचे १९१२ साली कलकत्त्याहून निघालेले साप्ताहिक ‘अल्-हिलाल’. उर्दू वाचक ते एकाच शब्दासारखे म्हणतो आणि अलिफमध्ये शोधतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने क्रमात न मोजायच्या उपपदांची भाषावार यादी केली आहे, तिच्यात उर्दूसाठीही ‘अल्’ आहे. त्यांच्या हिशेबाने हिलाल ‘हे’मध्ये जायला हवा. दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. वाचक उच्चारावर चालतो, सूचीकार शब्दाच्या मुळावर.

हा निर्णय यंत्रावर सोडला की काय होते ते चार पुस्तकांवर पाहू: अल्-फारूक, अलिफ लैला, अल्-मामून, अल्-हिलाल. उर्दूत चौघांची सुरुवात अलिफ-लामने होते. संगणकाला ‘सुरुवातीचे अलिफ-लाम काढून टाक’ असे सांगितले तर फारूक फेमध्ये, मामून मीममध्ये, हिलाल हेमध्ये, इथवर ठीक. पण ‘अलिफ लैला’तला पहिला शब्द अलिफ-लाम-फे असा लिहितात आणि त्याचा अर्थ ‘हजार’. तिथे उपपद नाहीच. यंत्र मात्र त्याचेही डोके उडवते, उरतो एकटा ‘फे’, आणि हजार रात्रींच्या गोष्टी फारूकच्या शेजारी जाऊन बसतात. अल्ताफ हुसैन हालींचा ‘ताफ’ होतो, कारण ‘अल्ताफ’ हे ‘लुत्फ’चे अनेकवचन, त्यातला अलिफ-लाम शब्दाचाच आहे.

म्हणून ग्रंथालयांच्या ‘मार्क’ नोंदीत यंत्राला शब्द ओळखायला सांगतच नाहीत. ही पद्धत १९६० च्या दशकात सुरू झाली. पुस्तकाचे नाव 245 या रकान्यात लिहितात आणि त्याच्या दुसऱ्या दर्शकात एक आकडा देतात: क्रम लावताना सुरुवातीची इतकी चिन्हे सोड. ‘द डिस्कव्हरी’साठी 4, म्हणजे रोमन लिपीतली तीन अक्षरे आणि एक रिकामी जागा. ‘अ पॅसेज’साठी 2. रोमन लिपीतल्या al-Hilal साठी 3, दोन अक्षरे आणि जोडरेघ. ‘अलिफ लैला’साठी 0. निर्णय माणसाचा, मोजणी यंत्राची.

इथेही चूक होते. तेच ‘अल्-हिलाल’ उर्दू लिपीत लिहिले की जोडरेघ नसते, म्हणून आकडा 2 हवा. रोमन नोंदीवरून 3 तसाच उतरवला तर अलिफ, लाम आणि हे अशी तिन्ही अक्षरे जातात आणि उरते ‘लाल’. साप्ताहिक लाममध्ये जाते. ही चूक पडद्यावर दिसत नाही, कारण नाव पूर्णच छापले जाते, बिघडतो फक्त क्रम. ओळखायची खूण अशी: शब्द टाकून शोधले की पुस्तक सापडते, पण यादी क्रमाने वाचत गेले की आपल्या जागी नसते.

मराठी यादीतही सापळा आहे. आपल्याकडे कितीतरी सहकारी संस्थांच्या नावाआधी ‘दि’ असतो, तो इंग्रजीतला ‘द’च. तो सरसकट गाळा म्हटले तर दि. के. बेडेकरांचे ‘दि’ जाते, द. मा. मिरासदारांचे ‘द’ जाते आणि अ. का. प्रियोळकरांचे ‘अ’ही. तिथे ते उपपद नव्हे, माणसाच्या नावाचे आद्याक्षर आहे.

आमच्या यादीत मी असे ठरवले. मराठी यादीत अरबी व्यक्तींची नावे ‘अल्’ वगळून लावली: बीरूनी, तबरी, राज़ी. छापताना पूर्ण नाव ठेवले आणि ‘अ’खाली प्रत्येकाची ‘पहा’ची ओळ दिली. उर्दू यादीत पुस्तके आणि नियतकालिके अलिफमध्ये ठेवली, कारण ती शोधणारी मुले उर्दूच बोलतात, आणि फे, मीम, हेमध्ये ‘पहा’ लिहिले. ‘अलिफ लैला’ला ‘पहा’ लागली नाही. दुहेरी ओळींमुळे यादी तीन पाने वाढली. पण नववीतल्या एका मुलीने फेखाली ‘फारूक’ शोधले आणि तिथल्या ओळीवरून ती स्वतःच अलिफच्या खणाकडे गेली. तिला मला विचारावे लागले नाही.