साजाची झाळ

इच्छापोरला मी गेले ती भाचीचा नवा संसार बघायला. सुरतहून हजिऱ्याच्या रस्त्याला लागलं की हे गाव लागतं. गुजरात हिरा बोर्सचं जेम्स अँड ज्वेलरी पार्क तिथंच आहे आणि भाची तिथल्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करते. जाताना पर्समध्ये दोन दागिने घेतले होते. एक आज्जीचा कोल्हापुरी साज, त्याच्या दोन पानांच्या कड्या निसटल्या होत्या. दुसरी माझी स्वतःची चेन, पाच वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेली आणि तुटलेली. सूनबाईंचं म्हणणं होतं की साज आता कोण घालतंय, आटवून बांगड्या करू. मलाही ते पटत आलं होतं, खोटं कशाला बोलू.

साज कोल्हापूरच्या गुजरीत घडवलेला. आपल्यातल्या जुन्या बायकांनी तो बघितलेला असतो, पण उलटा करून फारसा कुणी बघत नाही. कारखान्यातल्या वयस्क बंगाली कारागिरानं पहिल्यांदा तेच केलं. पान उलटं धरून डोळ्याला भिंग लावलं आणि मला बोलावून म्हणाला, "ताई, इथं बघा." पानाच्या कडेला केसासारखी एक बारीक रेघ होती, बाकीच्या सोन्याहून जरा काळपट. ती झाळ. पातळ पत्र्यावर ठसा मारून पानाचं तोंड उठवतात, मागं दुसरा पत्रा बसवतात, वर कडी ठेवतात आणि हे सगळं झाळेनं जोडतात. सांध्यावर टाकणखार लावायचा, त्यावर झाळेचे बारीक तुकडे ठेवायचे आणि फुंकणीनं ज्योत वळवायची. झाळ सोन्याच्या आधी वितळते, म्हणूनच जोड होतो. पण आधी वितळायचं म्हणजे तिच्यात तांबं-चांदी जास्त घालावी लागते. ती रेघ पुढं काळवंडते ती त्यामुळंच.

आणि हिशेबही तिथंच चुकतो. आज्जीच्या साजाचं वजन चार जुने तोळे, म्हणजे सुमारे 46.6 ग्रॅम. पानं आतून पोकळ असतात आणि दबू नयेत म्हणून त्यांत लाख भरलेली असते. समजा लाख नि दोरा काढून 40 ग्रॅम धातू उरला. त्यातली 3 ग्रॅम झाळ धरा, आणि जुन्या पद्धतीची झाळ म्हणजे शंभरात साठ भाग सोनं. उरलेलं 37 ग्रॅम 22 कॅरेटचं, त्यात शुद्ध सोनं 33.9 ग्रॅम. झाळेतलं 1.8 ग्रॅम. मिळून 35.7. म्हणजे सगळं एकत्र आटवलं की साडेएकवीस कॅरेटही भरत नाही. आपल्या आयाबायांना वाटायचं सोनारानं फसवलं. काही जण फसवत असतीलही, पण पुष्कळदा सोनं चोख असायचं आणि उणं सांध्यात असायचं. त्यात 1963च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि 14 कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. कितीतरी सोनारांचा धंदा बसला. साज त्याआधीचा, म्हणून वाचला.

या झाळेवर उपाय म्हणून पुढं 'केडीएम' आलं. दुकानांच्या पाट्यांवर ही अक्षरं आपण सगळ्यांनी वाचलीत आणि ती शुद्धतेची खूण समजलो. खरं तर ते कॅडमियम. 92 भाग सोन्यात 8 भाग कॅडमियम घातलं की झाळही बावीस कॅरेटची होते आणि आटवल्यावर उणं येत नाही. गिऱ्हाइकाचं भलं झालं. पण कॅडमियमची ज्योतीवर वाफ होते आणि ती फुंकणी धरून बसलेल्याच्या छातीत जाते. फुप्फुसं नि मूत्रपिंडं दोन्ही बिघडतात. आपली कॅरेट राखायला कुणीतरी ती वाफ घेत होतं, हे मला साठीला आल्यावर कळलं. आता हॉलमार्कच्या दागिन्यात कॅडमियम चालत नाही, त्याच्या जागी जस्त वगैरे घालून झाळ करतात. 16 जून 2021 पासून पहिल्यांदा 256 जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला.

मग भाचीनं तिचं काम दाखवलं. पडद्यावर अंगठी काढायची, यंत्र तिचा मेणाचा नमुना करतं. असे पुष्कळ नमुने मेणाच्या एका दांड्यावर झाडासारखे लावतात, भोवती प्लॅस्टरसारखा लगदा ओततात, भट्टीत मेण जाळून टाकतात आणि त्या पोकळीत सोनं ओततात. पाकळी, कोंदण, दांडी सगळं एकसंध. सांधाच नाही, त्यामुळं झाळेचं उणं नाही. फिनिश तर अशी की शंभर अंगठ्या एकीसारख्या एक. मात्र ओतीव सोन्यात कधी आत हवेची बारीक भोकं राहतात, ती घासताना वर येतात. आणि ओतीव वस्तू पत्र्याइतकी पातळ सहसा करता येत नाही, म्हणून तेवढाच मोठा दागिना ओतून केला तर जड होतो.

मग माझी चेन कशी हलकी, असं मी विचारलं. ती ओतीव नव्हतीच. तांब्यासारख्या हलक्या धातूच्या तारेवर सोन्याचा पातळ पत्रा गुंडाळून यंत्र कड्या विणतं, मग आम्लात घालून आतली तार विरघळवतात. उरते ती पोकळ नळी. आठ ग्रॅमची चेन पंधरा ग्रॅमची दिसते, आणि मी तरी त्याच दिसण्याला भुलले. तुटल्यावर गावातल्या सोनारानं नेहमीच्या हातानं ज्योत धरली नि शेजारची कडी चुरमडून तिला भोक पडलं. त्याची चूक म्हणता येत नाही. तिला ज्योत सोसणारी भिंतच नव्हती.

इथं लेझर होतं. ज्योत नाही, टाक्यासारखा एकेक ठिपका, शेजारची कडी गरमही होत नाही. पाच मिनिटांत कडी जुळली. पण कारागीर म्हणाला, "जिथं घासते तिथं सगळ्याच कड्या झिजल्यात. ही जोडली, उद्या दुसरी जाईल." घेताना पोकळ आहे का ते विचारावं, एवढं तरी मला माहीत असायला हवं होतं. चेनीकडं बघून आपल्याला ते कळत नाही, हातात वजन तोलल्यावरच संशय येतो.

साजाला मात्र त्यानं लेझर लावलं नाही. लाखेला ऊब दिली, ती मऊ झाल्यावर काढून घेतली, सांधा साफ केला, नवी कडी नव्या झाळेनं बसवली आणि लाख परत भरली. दोन पानांना अर्धा दिवस गेला. मी विचारलं, "हे पुन्हा तुटलं तर?" तो म्हणाला, "तर पुन्हा उघडायचं. हा दागिना उघडतो, ताई."

मजुरी चेनीपेक्षा जास्त झाली. सूनबाईंना फोनवर तो 35.7 ग्रॅमचा हिशेब सांगितला, मोडीत निघणारी घटही सांगितली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "आत्ती, मोडू नका मग. मला एकदा घालून बघू दे." चेन मी वजनावर मोडली. साज कोल्हापूरला पटवेकऱ्याकडं दिला आहे, जुना दोरा कुजला होता.