इन्स्टाग्रामच्या अटींचे सुलभीकरण : परवान्याच्या एका कलमाचा इतिहास

करारनाम्याची भाषा सुबोध करण्याच्या प्रयत्नांत दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ नेहमी होत आली आहे. न्यूयॉर्कच्या फर्स्ट नॅशनल सिटी बँकेने १९७५ साली वैयक्तिक कर्जाची वचनचिठ्ठी सोप्या भाषेत आणली, तेव्हा तिने केवळ शब्द बदलले नाहीत. कर्जदार कसूरदार ठरविण्याची काही कारणेच तिने सोडून दिली. म्हणजे ते सुलभीकरण अंशतः हक्कत्याग होते. अर्थ कायम ठेवून भाषा बदलणे हा याहून वेगळा प्रश्न होय. त्याचे उत्तम उदाहरण इन्स्टाग्राम या ॲपच्या अटींत सापडते.

इंग्लंडच्या बाल आयुक्तांचा डिजिटल जीवनावरील अहवाल जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी इन्स्टाग्रामच्या अटी काही किशोरवयीन मुलांना वाचावयास दिल्या होत्या. त्या पाच हजारांहून अधिक शब्दांच्या व सतरा पानांच्या होत्या, आणि मुलांना त्यांचा बोध झाला नाही. मग जेनी आफिया या वकील महिलेने त्या एका पानात पुन्हा लिहिल्या.

या अटींतील सर्वांत महत्त्वाचे कलम छायाचित्रांसंबंधीचे होते. मूळ कलमानुसार छायाचित्राची मालकी ग्राहकाकडेच राहत असे. परंतु ते वापरण्याचा परवाना कंपनीला मिळे. हा परवाना अनन्य नसलेला, स्वामित्वधनमुक्त, हस्तांतरणीय, उपपरवाना देता येण्याजोगा आणि जगभर लागू असा होता. आफिया यांच्या मसुद्यात याचा सारांश असा होता : चित्रे तुमची, पण आम्ही ती वापरू शकतो, जगात कोठेही इतरांना वापरू देऊ शकतो, इतरांनी त्यासाठी आम्हांस पैसे दिले तरी आम्ही तुम्हांस काही देणार नाही.

या दोन पाठांची विशेषणशः तुलना केली असता लाभहानीचा हिशेब स्पष्ट होतो. ‘स्वामित्वधनमुक्त’ या शब्दाचा अर्थ नव्या पाठात केवळ टिकला नाही, तर उघड झाला. कारण पैसा कोणाकडून कोणाकडे जाईल हे त्यात सांगितले आहे. जगभराच्या व्याप्तीचा अर्थही शाबूत राहिला. मात्र परवाना अनन्य नाही ही गोष्ट गळाली. त्यामुळे परवाना अनन्य ठरत नाही. १९८८ च्या ब्रिटिश कायद्यानुसार अनन्य परवाना लेखी व स्वाक्षरित असावा लागतो. परंतु तेच चित्र आपण अन्यत्र विकू शकतो, ही ग्राहकाच्या हिताची माहिती त्याला मिळत नाही. हस्तांतरण आणि उपपरवाना यांतील भेदही पुसला गेला. उपपरवान्यात मूळ परवानाधारक कायम राहतो व दुसऱ्यास वापराची मुभा देतो. हस्तांतरणात दुसरा त्याच्या जागी येतो. ‘इतरांना वापरू देऊ’ या शब्दांत पहिली गोष्ट सामावते, दुसरी सामावत नाही.

यावरून कायद्याचे शब्द जसेच्या तसे ठेवले की अर्थ सुरक्षित राहतो, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. २०१६ साली मॅशेबल या वृत्तसंस्थळाने एका छायाचित्रकर्तीला एका चित्राच्या वापरासाठी पन्नास डॉलर देऊ केले. तिने नकार दिल्यावर संस्थळाने तिची इन्स्टाग्रामवरील नोंदच आपल्या पानात अंतर्भूत करून ते चित्र दाखविले. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयाने उपपरवान्याच्या आधारे तिचा दावा फेटाळला. जूनमध्ये फेरविचार करताना त्याच न्यायालयाने आपला निर्णय बदलला. इन्स्टाग्रामने मॅशेबलला उपपरवाना दिलाच होता, असे त्या प्राथमिक टप्प्यावर म्हणण्याइतक्या अटी स्पष्ट नाहीत, असे त्याने ठरविले. ‘उपपरवाना देता येण्याजोगा’ हा पारिभाषिक शब्द अधिकार सांगतो. तो अधिकार कोणत्या कृतीने, कोणास दिला जातो, हे सांगत नाही. या बाबतीत मूळ पाठ व सोपा पाठ दोन्ही सारखेच मुके होते.

इन्स्टाग्रामने २०१८ च्या अटींत मधला मार्ग स्वीकारला. आम्ही मालकी सांगत नाही, पण परवाना घेतो, असे साधे विधान आधी आले आणि पारिभाषिक विशेषणे त्यामागे कायम राहिली. या रचनेत दोन पाठ परस्परविरोधी झाल्यास बंधनकारक कोणता, हा प्रश्न उद्भवतो. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार अटीचे दोन अर्थ संभवत असतील तर ग्राहकास अधिक अनुकूल अर्थ घेतला जातो. म्हणून सैल सारांशाची जोखीम तो लिहिणाऱ्या कंपनीवरच येते.

तेव्हा सुलभीकरणाची कसोटी शब्दसंख्येत शोधता येत नाही. मूळातील प्रत्येक विशेषण काढून पाहावे, आणि त्यामुळे कोणाचा कोणता हक्क वाढतो, घटतो अथवा अज्ञात राहतो हे तपासावे. काहीच बदलत नसेल तर तो शब्द अनावश्यक होता. काही बदलत असेल तर तो बदल साध्या वाक्यात, कर्त्याचा व कृतीचा स्पष्ट उल्लेख करून, मांडणे क्रमप्राप्त ठरते.