साखरेची गोळी आणि १९९ डोकी

चाकण चौकातून एमआयडीसीकडे जाताना विजेच्या खांबांवर चिकटवलेले कागद वाचत जा. "अर्धशिशी कायमची गायब. एकाच डोसात गुण." खाली मोबाईल नंबर. महाळुंगे, खालुंब्रे, भोसरी, चिंचवड, सगळीकडे हेच. आम्ही अशा दाव्यांविरुद्ध बोललो की वस्तीतली माणसं एकच उत्तर देतात: "पण माझं डोकं थांबलं ना! मग खोटं कसं म्हणता?" हा प्रश्न हसण्यावारी नेणाऱ्या पुरोगामी मंडळींशी आमचं पटत नाही. रात्रपाळी करून आलेला कंत्राटी कामगार खोटं बोलत नाही, त्याचं डोकं खरंच थांबलेलं असतं. मग वाद कशाचा? वाद आहे ते का थांबलं याचा. या वादाला इतिहास आहे.

दुसरं महायुद्ध चालू असताना अमेरिकेत डोकेदुखीची एक गोळी विकली जात होती. तिच्यात तीन घटक होते. त्यातला एक घटक मिळेनासा होईल अशी भीती कंपनीला वाटली, म्हणून तो वगळला तर गोळीचा गुण कमी होईल का, असा साधा धंद्याचा प्रश्न समोर आला. तपासाचं काम जेलिनेक नावाच्या संशोधकाने पाहिलं आणि १९४६ साली निष्कर्ष छापले. वारंवार डोकं दुखणारी १९९ माणसं घेतली. प्रत्येकाला चारही प्रकारच्या गोळ्या पाळीपाळीने, प्रत्येकी दोन आठवडे दिल्या. 'अ' म्हणजे तिन्ही घटकांची मूळ गोळी. 'ब' मध्ये तो अडचणीतला घटक काढलेला. 'क' मध्ये दुसराच एक घटक काढलेला. आणि 'ड' मध्ये औषध काहीच नाही, नुसती दिखाऊ गोळी. हिलाच प्लासिबो म्हणतात.

सगळ्यांचा एकत्र हिशोब केला तेव्हा 'अ'ने शंभरातल्या ८४ वेळा डोकं थांबवलं, 'ब' आणि 'क'ने ८० वेळा. म्हणजे घटक काढला तरी फारसा फरक नाही, असंच कुणीही म्हणेल. आणि औषधाविना 'ड'ने? ५२ वेळा! शंभरातली ५२ डोकी रिकाम्या गोळीने उतरली. आपल्याकडचा बुवा हा आकडा हातात आला तर त्याची पाटी रंगवून लावेल.

पण जेलिनेक तिथे थांबला नाही. त्याने माणसं दोन गटांत वेगळी केली. १२० जणांना रिकाम्या गोळीने कधी ना कधी आराम पडला होता. उरलेल्या ७९ जणांना तिने एकदाही आराम पडला नाही. या ७९ जणांचाच हिशोब केल्यावर चित्र पालटलं. 'अ'ने ८८ टक्के वेळा आराम, 'क'ने ७७, आणि 'ब'ने फक्त ६७. म्हणजे तो घटक कामाचा होता. १२० जणांत मात्र सगळ्याच गोळ्या, रिकामी धरून, जवळपास सारख्याच ठरल्या, आणि त्यांच्या गर्दीत खऱ्या औषधांमधला फरक बुडून गेला होता.

आता एक आडवी गोष्ट सांगितलीच पाहिजे. जेलिनेकच्या तपासातही एक भोक होतं. गोळीच न घेणारा गट त्यात नव्हता. डोकेदुखी ही बहुतेक वेळा काही तासांत आपोआपही उतरते. मग त्या ५२ टक्क्यांपैकी किती गोळीवरच्या विश्वासाने उतरली आणि किती नुसत्या वेळेने, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. रिकामी गोळी आणि काहीच न घेणं यांची तुलना असलेले प्रयोग २००१ साली दोन डॅनिश संशोधकांनी एकत्र तपासले. प्लासिबोचा परिणाम त्यांना मुख्यतः दुखण्यासारख्या, माणसाने स्वतः सांगायच्या लक्षणांत दिसला, आणि तोही माफक.

म्हणून तो भासच म्हणायचा का? नाही. १९७८ साली अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग झाला. अफूचा परिणाम थोपवणारं नॅलोक्सोन दिल्यावर प्लासिबोने मिळणारा आराम कमी झाला. म्हणजे 'आता उतरेल' या अपेक्षेने शरीर स्वतःचीच वेदनाशामकं सोडतं, असा त्यातून निष्कर्ष निघाला. २०१४ मध्ये बोस्टनला अर्धशिशीच्या ६६ रुग्णांना रिझाट्रिप्टान आणि रिकाम्या गोळ्या वेगवेगळ्या लेबलांच्या पाकिटांत दिल्या. खऱ्या औषधावर 'प्लासिबो' लिहिलं तर त्याचा गुण घटला. रिकाम्या गोळीवर 'प्लासिबो' असं खरं लिहूनही काहीच न घेण्यापेक्षा ती बरी ठरली. शब्दांनाही औषधाचा अंश असतो, एवढं आम्ही मान्य करतो.

पण तो कुठवर पोचतो, हे पिंपरीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. १९५४ साली इथेच हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, आपल्या भाषेत 'एच.ए.', उभी राहिली आणि पुढच्या वर्षी पेनिसिलिन निघू लागलं. पेनिसिलिनवर विश्वास असो वा नसो, ते जंतू मारतं. रिकाम्या गोळीने न्यूमोनियाचा जंतू मरत नाही, मेंदूतली गाठ विरघळत नाही. आराम 'वाटणं' आणि रोग जाणं यांतलं हे अंतर बुवा मुद्दाम पुसतो.

त्याच १९५४ साली संसदेने जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा केला. ताईत, मंत्र, कवच यांचा त्यात उल्लेख आहे. पण त्याच्या यादीत कॅन्सर, मधुमेह, फेफरं असे रोग आहेत, साध्या डोकेदुखीचं नाव नाही. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली आलेला जादूटोणाविरोधी कायदाही प्रत्येक अंगाऱ्याच्या पुडीमागे धावत नाही. तेव्हा तपास आपणच करायचा.

समजा, एका कामगाराचं डोकं महिन्यातून सरासरी चार वेळा चढतं. सलग रात्रपाळ्या, उपाशीपोटी चहा, शेडमधला उकाडा, अशाने एका महिन्यात आठ वेळा चढलं. माणूस बुवाकडे कधी जातो? याच महिन्यात. पुढच्या महिन्यात पाळी बदलली आणि आकडा चारवर आला. अंगारा घेतला नसता तरी तो आलाच असता. म्हणून बुवाकडे जाण्याआधीचे दोन-तीन महिने आणि नंतरचे तितकेच कॅलेंडरवर लिहा: कोणत्या दिवशी चढलं, किती तास राहिलं, कोणती पाळी होती, काय गिळलं. मग बुवाला तीन गोष्टी विचारा. पुडीत काय आहे? ज्यांना गुण आला नाही ते कुठे आहेत? आणि पुडी न घेतलेल्यांचं काय झालं? जेलिनेकने १९९ जणांची गिनती ठेवली, बुवा फक्त परत आलेल्यांची ठेवतो.

पुडीत साखर असेल तर नुकसान पैशाचंच. पण कधी त्यात कुटलेली वेदनाशामक गोळीच असते, आणि मग 'गुण' खरा असूनही धोका मोठा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळी दहा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ चालली की गोळीनेच डोकं रोज दुखायला लागतं. मेडिकलमधून सुटी गोळी घेऊन पाळीवर जाणाऱ्यांनाही हे लागू आहे.

काही डोकेदुखींना मात्र कॅलेंडर लावत बसायचं नाही. एका क्षणात वीज पडल्यासारखं चढलेलं डोकं, तापासोबत ताठलेली मान, हातपाय लुळे पडणं, बोबडी वळणं, डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं: थेट दवाखाना. आणि थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्या सगळ्यांचंच डोकं सकाळी एकदम दुखत असेल, तर ती कुणाची करणी नाही, तो शेगडीचा विषारी वायू आहे. आधी सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यायचं, आणि मग दवाखाना गाठायचा.