व्यापारी खातेउताऱ्यात काही नोंदी पिवळ्या का करून पाठवतात? एका ५५ हजारांच्या घोळातून समजून घ्या

समजा, इचलकरंजीचा एक कापड व्यापारी आहे. त्याच्या वहीत कोल्हापूरच्या एका दुकानदाराकडून ४,८६,००० रुपये येणं आहे. दुकानदार मात्र म्हणतो, माझ्याकडं ४,३१,००० च निघतात. फरक ५५,००० चा, पण त्यापायी सगळंच पेमेंट अडकलंय.

फोनवर वाद घालून हे सुटत नाही. अशा वेळी व्यापारी १ एप्रिल ते ३१ मार्चचा खातेउतारा काढतो आणि दुकानदाराच्या उताऱ्याशी ताडून बघतो. आपल्याकडं जे नावे, ते समोरच्याकडं जमा, त्यामुळं बाजू उलटी धरायची. सुरुवात आरंभीच्या शिलकेपासून करायची. तीच जुळत नसेल तर घोळ मागच्या वर्षातला आहे.

इथं ती जुळली आणि तीन नोंदी सापडल्या. दुकानदाराने पाठवलेले ३०,००० व्यापाऱ्याच्या वहीत नव्हते. १८,००० चा परत आलेला माल व्यापाऱ्याने वजा केला नव्हता. आणि एका बिलात ७,००० चा भावफरक होता. बेरीज बरोबर ५५,०००.

आता फक्त एवढंच पिवळं करायचं. मालपरतीची आणि भावफरकाची मूळ बिलं रंगवायची. ३०,००० ची तर आपल्याकडं नोंदच नाही, म्हणून तिच्यासाठी खाली वेगळी ओळ घालायची. शेजारच्या रकान्यात 'तफावत' असं लिहायचंही, कारण काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये रंग गायब होतो. प्रत्येक नोंदीपुढं काय हवंय ते मांडायचं. पेमेंटसाठी यूटीआर नंबर, मालासाठी ट्रान्सपोर्टची पावती, भावासाठी मूळ ऑर्डर. (अनेकदा पैसे आलेले असतात, फक्त सारख्या नावाच्या दुसऱ्या पार्टीच्या खात्यात चढलेले असतात. यूटीआर मिळाला की ते लगेच कळतं.)

सोबतचा मजकूर साधा असतो :

"स. न. वि. वि. सोबत आपला खातेउतारा पाठवत आहे. पिवळ्या नोंदींमध्ये ५५,००० रुपयांचा फरक आहे, त्या आपल्या वहीशी ताडून पुराव्यासह कळवाव्यात. उरलेले ४,३१,००० रुपये मान्य असल्यास सही-शिक्का करून प्रत परत पाठवावी व ती रक्कम द्यावी."

खरी मेख शेवटच्या वाक्यात आहे. वाद ५५ हजारांचा, मग बाकीचे का थांबावेत? शिवाय उधारीच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून बाकी कबूल केली, तर १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १८ नुसार मुदत तिथून नव्याने मोजतात. 'पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मान्य समजू' असं बरेच जण छापतात, पण समोरच्याचं गप्प राहणं म्हणजे या कलमातली लेखी कबुली नव्हे.

मालपरतीला आणखी एक घड्याळ आहे. क्रेडिट नोट काढून जीएसटी कमी करून घ्यायचा, तर ती आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच रिटर्नमध्ये दाखवता येते, आणि वार्षिक रिटर्न त्याआधीच भरलं तर तोपर्यंतच. त्यामुळं हा उतारा एप्रिल-मेमध्येच गेलेला बरा. दिवाळीनंतर पाठवला तर १८,००० च्या नोंदीवरचा कर व्यापाऱ्याच्याच अंगावर पडू शकतो.