पारोळा : नोव्हेंबरची वाट पाहू नका! ईपीएफ पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची मुदत प्रत्येकाची वेगळी

पारोळा : गावात कोणी म्हणतं हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा, कोणी म्हणतं वर्षात कधीही दिला तरी चालतो. दोघांचंही बरोबर आहे, पण दोघांची पेन्शन वेगळी आहे. शेजाऱ्याचा नियम आपल्याला लावला की पेन्शन बंद पडते. तालुक्यातील पेन्शनधारकांनी आपली पेन्शन कुठून येते ते आधी पाहावे.

कोणाला नोव्हेंबर, कोणाला नाही?

तलाठी, पोलीस अशा राज्य शासनाच्या नोकरीतून निवृत्त झालेल्यांची पेन्शन कोषागारातून येते. त्यांनी १ ते ३० नोव्हेंबर या काळात आपल्या बँकेत जाऊन, कोषागाराने पाठवलेल्या यादीत स्वतःच्या नावासमोर सही किंवा अंगठा करायचा असतो. मुदत चुकली तर पुढची पेन्शन थांबते.

एसटी, सहकारी कारखाना, सूतगिरणी किंवा खासगी कंपनीतून निवृत्त झालेल्यांना भविष्य निर्वाह निधी कार्यालयाची, म्हणजे ईपीएस-९५ ची पेन्शन मिळते. त्यांना नोव्हेंबरचं बंधन नाही. दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिलेल्या तारखेपासून बारा महिने चालतो.

गफलत होते ती इथे

समजा, एसटीतून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरने मागच्या वर्षी १२ ऑगस्टला दाखला दिला. त्याची मुदत यंदाच्या ऑगस्टमध्ये संपते. पण शेजारचे निवृत्त तलाठी आप्पा नोव्हेंबरात बँकेत जातात, म्हणून हेही नोव्हेंबरची वाट पाहत बसले. मधल्या महिन्यांची पेन्शन अडकली. मागाहून दाखला दिला की पेन्शन सुरू होते आणि थकलेली रक्कमही मिळते, पण तोवर औषधपाण्याला हात आखडावा लागतो.

म्हणून मागच्या दाखल्याची तारीख शोधा आणि ती पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढचा दाखला त्या तारखेच्या पंधरा-वीस दिवस आधीच द्या.

घरबसल्या मोबाइलवर

शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा मशीनवर लागत नाही. अशांना चेहरा दाखवून दाखला देता येतो. त्यासाठी घरातल्या कोणाच्याही अँड्रॉइड मोबाइलवर Jeevan Pramaan आणि AadhaarFaceRD ही दोन अ‍ॅप प्ले स्टोअरवरून घ्यावी लागतात. दुसऱ्या अ‍ॅपचं चिन्ह स्क्रीनवर दिसत नाही, ते मागे चालतं. त्यामुळे ‘डाउनलोड झालंच नाही’ असं समजू नका.

अ‍ॅप पहिल्यांदा उघडल्यावर आधी ऑपरेटरचा, म्हणजे मोबाइल हाताळणाऱ्या मुलाचा किंवा नातवाचा आधार नंबर आणि चेहरा मागतं. तिथे बाबांचा चेहरा दाखवायचा नाही. पेन्शनधारकाचा आधार नंबर, पीपीओ नंबर, बँक खाते आणि चेहरा त्यानंतर येतो. चेहरा दाखवताना उजेडाकडे तोंड करून बसावे, चष्मा काढावा आणि अ‍ॅप सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करावी.

मोबाइल जमत नसेल तर बँक, सीएससी केंद्र किंवा पोस्टात जाता येतं. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देतो. या सेवेसाठी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक ७० रुपये घेते. ईपीएस पेन्शनधारकांचा हा खर्च भविष्य निर्वाह निधी संघटनेने स्वतः उचलण्याचा करार नोव्हेंबर २०२५ मध्ये केला आहे. त्यामुळे पैसे देण्याआधी पोस्टात विचारून घ्या.

मेसेज आला म्हणजे काम झालं असं नाही

दाखला काढल्यावर मोबाइलवर प्रमाण आयडीचा मेसेज येतो. याचा अर्थ दाखला तयार झाला एवढाच. तो पेन्शन देणाऱ्या कार्यालयाने मान्य करायचा असतो. पीपीओ नंबरात एक आकडा चुकला किंवा पेन्शन देणारी संस्था निवडताना दुसरीच निवडली गेली, तर तो नामंजूर होतो.

त्यासाठी चार-आठ दिवसांनी jeevanpramaan.gov.in या साइटवर प्रमाण आयडी टाकून पाहा. नामंजूर दिसला तर चुकलेली माहिती पीपीओच्या कागदावरून बघून नवीन दाखला काढा. जुना दुरुस्त होत नाही.

पेन्शनधारकाने पुनर्विवाह केला असेल किंवा पुन्हा नोकरी धरली असेल, तर हा डिजिटल दाखला चालत नाही. त्यांनी थेट बँकेत किंवा पेन्शन कार्यालयात जाऊन कागदी दाखला द्यावा.

दाखल्याच्या नावाखाली फोन करून कोणी ओटीपी मागत असेल तर फोन ठेवून द्या. फोनवरच्या बोलण्यावर हयातीचा दाखला निघत नाही. त्यासाठी अंगठा, डोळा किंवा चेहरा लागतोच.

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थ्यांना यातलं काहीच लागू नाही. त्यांनी आपल्या पडताळणीसाठी पारोळा तहसील कार्यालयात चौकशी करावी.