मालक दोह्यात, फ्लॅट कौशात: एजंटला लेखी सूचना कशा द्याव्यात?

रत्नागिरी, रायगड, मुंब्रा, पनवेल, मीरा रोड, कुठेही बघा, आपल्या कुटुंबांतले कोणी ना कोणी कतार, कुवेत किंवा सौदीत असते आणि इथे एक फ्लॅट कुलूप लावून पडलेला असतो. मग ओळखीच्या एजंटला फोन जातो, "चांगली फॅमिली बघून देऊन टाका." सूचना एवढीच. चांगली म्हणजे कशी, पैसे कोणाच्या खात्यात, नळ फुटला तर कोण ठरवणार, यातले काहीच बोलले जात नाही. पुढचे बहुतेक तंटे या एका वाक्यातून निघतात.

एजंटला सूचना लेखीच द्यावी. व्हॉट्सॲपवर चालेल, ईमेल केला तर जास्त चांगले. ती वाचून एजंटला तीन गोष्टी वेगवेगळ्या कळायला हव्यात: घर दाखवायचा अधिकार त्याला आहे, भाडेकरू पक्का करायचा अधिकार मालकाकडे आहे, आणि खर्च करायचा अधिकार ठरलेल्या रकमेपुरताच आहे.

भाडेकरू शोधताना पैशाचा रस्ता आधी ठरवा

समजा कौशातल्या वन बीएचकेचे भाडे महिना १५ हजार आणि डिपॉझिट ६० हजार ठरवले आहे. सूचनेत हे आकडे लिहाच, आणि खाली एक ओळ जोडा: "याहून कमी भाडे किंवा जास्त डिपॉझिट मला विचारल्याशिवाय कबूल करू नये." कमी भाड्याचे कारण कोणालाही कळेल. जास्त डिपॉझिट का नको, हे नीट समजून घ्या.

मुंबई-ठाण्यात 'हेवी डिपॉझिट'ची पद्धत आहे. पाच-सहा लाख एकदम द्यायचे आणि भाडे नाममात्र किंवा शून्य. परदेशातल्या मालकाची फसवणूक याच वाटेने होते. एजंट मालकाला सांगतो, भाडेकरू मिळाला, महिना १५ हजार. भाडेकरूला सांगतो, सहा लाख हेवी डिपॉझिट, भाडे नाही. सहा लाख एजंटच्या खिशात जातात आणि त्यातूनच तो मालकाला दर महिना १५ हजार पाठवत राहतो. मालक खूश, भाडेकरूही खूश. वर्ष-दीड वर्षाने एजंटचा फोन बंद होतो. मालक भाडे मागायला येतो, भाडेकरू सहा लाख मागतो, आणि दोघेही आपापल्या परीने खरे असतात. (हेवी डिपॉझिट म्हणजे कर्जाच्या बदल्यात घराचा फायदा घेणे आहे, म्हणून ते जायज नाही, असेही अनेक मुफ्ती सांगतात. तो प्रश्न ज्याचा त्याने आपल्या आलिमला विचारावा.)

ओळखायची खूण सोपी आहे. भाडे दर महिन्याला एजंटच्याच खात्यातून येते, भाडेकरूशी बोलायचे म्हटले की "तो ड्युटीवर आहे", आणि कराराची प्रत "उद्या पाठवतो". म्हणून सूचनेत हे असावे:

"भाडे आणि डिपॉझिट दोन्ही भाडेकरूच्या खात्यातून थेट माझ्या एनआरओ खात्यात जमा होतील. आपण रोख किंवा टोकनही घेऊ नये. करारापूर्वी भाडेकरूशी माझा व्हिडिओ कॉल होईल आणि त्यात मी स्वतः भाडे व डिपॉझिटची रक्कम त्याला सांगेन."

हा पाच मिनिटांचा कॉल सगळ्यात स्वस्त विमा आहे. एजंटची दलाली वेगळी ठरवून वेगळी द्या, भाड्यातून कापून घेऊ देऊ नका.

मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून आयकर कापून सरकारजमा करायचा असतो. पूर्ण दर धरला तर तो ३१.२ टक्के होतो, म्हणजे १५ हजारांवर ४,६८०. रिटर्न भरून जादा कापलेले परत मिळते, कमी दराचा दाखलाही आधी काढता येतो. पुष्कळ एजंट हे भाडेकरूला सांगतच नाहीत, "गिऱ्हाईक पळेल" म्हणून. मालक परदेशात राहतो हे पहिल्याच भेटीत सांगावे, अशी सूचना द्या. नाहीतर भाडेकरूला ऐनवेळी धक्का बसतो आणि नोटीसही त्यालाच येऊ शकते.

सही कोणाची?

करार 'लिव्ह अँड लायसन्स'चाच आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदलेला करार असला तर फायदाही मोठा आहे. मुदत संपूनही घर सोडले नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि तोवर दुप्पट दराने भरपाई मागता येते. नुसत्या नोटरीच्या कागदावर हे मिळत नाही.

मालक येऊ शकत नसेल तर मुखत्यारपत्र लागते. ते त्या देशातल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करावे आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे. आमचे मत असे की मुखत्यारपत्र एजंटला देऊच नये. भाऊ, बहीण, मामू, जो कोणी इथे आहे त्याच्या नावे करावे. घर शोधणारा एक आणि सही करणारा दुसरा असला की एकाच्या चुकीवर दुसऱ्याची नजर राहते. त्यात फक्त एवढेच लिहा: या एका फ्लॅटचा ११ महिन्यांपर्यंतचा लिव्ह अँड लायसन्स करार करणे व नोंदवणे, पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे, सोसायटीशी पत्रव्यवहार करणे. छापील नमुन्यात 'विकणे, गहाण ठेवणे, रक्कम स्वीकारणे' असे शब्द आयते असतात. ते सहीपूर्वीच काढायला लावा.

पारख कागदावर करा, ओळखीवर नाही

"आपल्याच समाजातले आहेत, गावाकडचे आहेत" ही पारख नव्हे. मुंबईत नावावरून घर नाकारले जाण्याचा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे. तोच न्याय आपण उलटा लावू नये. बघायचे ते उत्पन्न आणि मागचा व्यवहार. एजंटने पाठवायचे ते एवढेच: आधार व पॅनची प्रत, नोकरदाराच्या तीन पगाराच्या पावत्या किंवा धंदेवाल्याचे मागच्या वर्षाचे रिटर्न, राहणाऱ्या सगळ्यांची नावे, आणि मागच्या दोन घरमालकांचे फोन नंबर.

दोन का? आत्ताच्या मालकाला भाडेकरू घालवायचा असेल तर तो त्याची तारीफच करील. त्याआधीच्या मालकाचे आता काही अडकलेले नसते, त्यामुळे तो खरे बोलतो. त्याला दोनच प्रश्न विचारा: भाडे किती वेळा उशिरा आले, आणि डिपॉझिटमधून काही कापावे लागले का? हा फोन एजंटने नाही, मालकाने करावा. भाडे महिन्याच्या उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्यावर जात असेल तर सावध व्हावे. घर राहण्यासाठीच आहे, शिवणकामाचा कारखाना किंवा क्लास चालवण्यासाठी नाही, हे करारातही यायला हवे. चावी देण्यापूर्वी पोलिसांना भाडेकरूची माहिती दिल्याची पोच मालकाकडे आली पाहिजे.

सोसायटीला कळवणेही एजंटच्याच यादीत टाका. घर भाड्याने दिले म्हणून सोसायटी जो जादा आकार घेते तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा सरकारचा २००१ चा आदेश आहे. कोणी जादा मागत असेल तर एजंटने परस्पर कबूल करू नये.

दुरुस्ती: किती रुपयांपर्यंत न विचारता?

इथे दोन टोके असतात. एक मालक पन्नास रुपयांच्या वॉशरसाठीही फोनची वाट बघायला लावतो. दुसरा "करून टाका" म्हणतो आणि मग बिल बघून चिडतो. दोन आकडे लिहिले की काम सरळ होते. उदाहरणार्थ:

"२ हजारांपर्यंतचे काम करून बिल व फोटो पाठवा. त्यापुढे आधी व्हिडिओ आणि दोन कारागिरांचे दर पाठवा, मी २४ तासांत उत्तर देईन. पाणी वाहत असेल, वायरिंग जळत असेल, ड्रेनेज तुंबले असेल किंवा दाराचे कुलूप निकामी असेल तर ५ हजारांपर्यंत न विचारता करा, पण त्याच दिवशी कळवा. बदललेला जुना भाग फेकू नका."

दुरुस्तीचा पैसा भाड्यातून वळता करू नका. मालकाने बिल बघून वेगळा पाठवावा, म्हणजे हिशेब आणि आयकर दोन्ही साफ राहतात.

आता एक प्रसंग घ्या. एजंटचा मेसेज येतो: "खालच्या मजल्यावर गळती आहे, पूर्ण बाथरूम तोडावे लागेल, ४० हजार पाठवा." तो खोटेच बोलतो असे नाही, प्लंबरने त्याला तसे सांगितले असेल. पण तोडण्यापूर्वी गळती कुठून आहे ते घरबसल्या तपासता येते. आधी घरातले सगळे नळ बंद करून मुख्य कॉक मात्र चालू ठेवा. तरीही खालचा डाग ओलाच राहत असेल तर दोष पाण्याच्या पाइपात आहे. कोणी आंघोळ केल्यावरच डाग ओलावत असेल तर नहाणी ट्रॅप किंवा सांडपाण्याच्या जोडावर संशय घ्या. मग नहाणीचे तोंड घट्ट बंद करून फरशीवर दोन इंच पाणी एक-दोन दिवस साठू द्या. पाणी साठलेले असताना डाग वाढला तर फरशीचे वॉटरप्रूफिंग गेले आहे, आणि तेव्हाच तोडफोडीचे बोलावे. डाग वाढला नाही आणि पाणी सोडल्यावर मात्र ओलावला, तर ट्रॅपचा जोड बदलून भागते. हे काम ४० हजारांचे नव्हे, काही हजारांचे आहे.

आणि डाग फक्त पावसाळ्यात, बाहेरच्या भिंतीकडूनच येत असेल तर पैसे पाठवूच नका. बाहेरच्या भिंतीतून, गच्चीतून किंवा सामायिक पाइपातून होणारी गळती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीच्या खर्चाची असते, तर आपल्या संडास-बाथरूमची आणि सिंकची आपल्या खर्चाची. अशा वेळी एजंटचे काम कारागीर आणणे नसून सोसायटीला फोटोसह पत्र देऊन त्याच्या प्रतीवर पोच घेणे आहे.

भाडेकरू राहायला येण्याच्या दिवशी एजंटकडून सगळ्या खोल्यांचा सलग व्हिडिओ करून घ्या, त्यात विजेच्या मीटरचा आकडाही दिसू द्या. घर सोडताना तोच व्हिडिओ समोर ठेवून दुसरा करायचा. डिपॉझिटमधून काय कापायचे ते मालकाने दोन्ही बघून ठरवावे, आणि उरलेली रक्कम थेट भाडेकरूच्या खात्यात, चावी हातात आली त्याच दिवशी पाठवावी.